छाट कोणाच्या माथी?

यवतमाळ जिल्ह्यात बरीचशी मेहनत दिवसावर मोजली जात नाही. कापूस किलोवर वेचला जातो. तेंदूपानांची मजुरी शेकडा पुड्यांवर ठरते. पुड्यात ७० पाने, आणि असे १००० पुडे झाले की एक मानक बोरा. विटा हजारावर पाडतात. तालुक्याच्या गावांत बाया घरी किंवा शिलाई केंद्रात बसून शर्ट, परकर, पिशव्या शिवतात, त्यांचे पैसे नगावर मिळतात. नगावर पैसे म्हणजे जेवढे काम तेवढा दाम, हा व्यवहार वरून सरळ दिसतो. त्यात अन्याय शिरतो तो मोजणी आणि मजुरी यांच्या मधल्या जागेत. शिवलेले नग एक असतात, मजुरी लागलेले नग दुसरेच असतात, आणि या दोहोंतला फरक कसा पडला हे काम करणाऱ्या बाईला कोणी सांगत नाही. तिला फक्त शेवटचा आकडा ऐकवला जातो.

माझे म्हणणे एवढेच आहे की हा मधला हिशेब तिचा आहे. तो तिला पायरीपायरीने पुन्हा मांडता आला पाहिजे, आणि ज्या हिशेबाची अशी फेरमांडणी होऊ शकत नाही त्या हिशेबाने दिलेली मजुरी न्याय्य मानू नये.

विदर्भाला हा प्रश्न नवा नाही. विडी उद्योगाने तो आपल्या पुढ्यात फार पूर्वी ठेवला होता. बाई घरी बसून पाने कापते, तंबाखू भरते, वळते, दोरा बांधते आणि संध्याकाळी कट्टे घेऊन कारखानदाराच्या किंवा ठेकेदाराच्या माणसापुढे उभी राहते. तो माणूस चाळून काही विड्या बाजूला काढतो: ही बारीक, ही सैल, हिचे पान फाटके. या बाजूला काढण्याला छाट म्हणतात. मजुरी हजार विड्यांवर, त्यामुळे छाट निघाली की हजार पुरे होत नाहीत आणि छाटलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. विडी कामगारांची जुनी तक्रार अशी की पाने मुळात कमी किंवा खराब द्यायची, त्यातून कच्ची विडी निघाली की ती छाटायची, आणि छाटलेली विडीसुद्धा मालकानेच ठेवून घ्यायची. म्हणजे पानाचा दोष बाईच्या हाताला चिकटतो आणि तिची मेहनत फुकट मालकाच्या घरात जाते.

विदर्भ त्या वेळी मुंबई राज्यात होता. १९५८ साली त्या सरकारने किमान वेतन कायद्याखाली विदर्भातल्या विडी उद्योगासाठी अधिसूचना काढली. त्यात हजार विड्यांचे दर ठरवले, आणि त्यासोबत छाटीबद्दलही नियम घातले. सरकारच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली होती: हजारी दर कितीही नीट ठरवा, छाटीला लगाम नसेल तर तो दर कागदावरच राहतो. गोंदियाच्या विडी व्यापारी संघटनेने या नियमांना आव्हान दिले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायालयाने दर ठरवण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला; छाटीचे नियम मात्र रद्द ठरवले. किमान वेतन कायद्याने सरकारला वेतनाचा दर ठरवण्याची सत्ता दिली आहे, मालक आणि कामगार यांच्यातले बाकीचे वाद त्या सत्तेने मिटवता येत नाहीत, असा त्या निकालाचा आशय होता.

कायद्याच्या चौकटीत तो निकाल बरोबर असेल. विडी वळणाऱ्या बाईच्या दृष्टीने मात्र दर सुरक्षित राहिला आणि त्या दराला पोखरणारी वाट मोकळी राहिली. ती वाट बुजवायला नवा कायदा करावा लागला. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यात कच्चा माल देणे, माल नापास करणे आणि नापास मालाची मजुरी, या तिन्ही गोष्टींवरचे वाद ठरलेल्या अधिकाऱ्याने झटपट मिटवावेत अशी तरतूद आली. या तीन गोष्टी एकाच कलमात होत्या हे लक्षात घ्या. नापास मालाचा विचार कच्च्या मालाला सोडून करता येत नाही, हे त्या कलमाने मान्य केले. पुढे महाराष्ट्राच्या नियमांत साधारणपणे शंभरात ५ पेक्षा जास्त छाट करू नये अशी मर्यादा आली. या कायद्यालाही आव्हान दिले गेले, पण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

या इतिहासातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की दर आणि छाट वेगळे काढता येत नाहीत. जो फक्त दर पाहतो त्याने अर्धाच करार वाचलेला असतो. दुसरी गोष्ट मर्यादेबद्दलची. शंभरात ५ ही वरची हद्द होती, पण हद्द ठरली की तीच वहिवाट होण्याचा धोका असतो. माल कसाही असो, हजारामागे ५० विड्या डोळे झाकून बाजूला काढल्या, तर बाईचे वीस दिवसांतले एका दिवसाचे काम बिनमजुरीचे होते. म्हणून टक्केवारीची मर्यादा पुरेशी नाही. प्रत्येक नापास नगामागे कारण लिहिलेले हवे.

आता विडी सोडून आजच्या शिलाईकडे येऊ आणि एक हिशेब अथपासून इतिपर्यंत मांडू. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. मांडणी मात्र जिथे नगावर मजुरी आहे तिथे लागू पडेल अशी आहे. समजा, जिल्ह्यातल्या एका शिलाई केंद्रात एक बाई आठवडाभर, सहा दिवस आणि रोज आठ तास, शर्ट शिवते. दर टप्प्यांचा आहे: आठवड्यातल्या पहिल्या १०० नगांना नगामागे १४ रुपये, १०१ ते १५० पर्यंतच्या नगांना १६ रुपये आणि १५० च्या पुढच्या प्रत्येक नगाला १८ रुपये. तिने १६८ शर्ट शिवून दिले. तपासणीत २१ बाजूला काढले.

केंद्रचालक असा हिशेब करतो. १६८ मधून २१ वजा, राहिले १४७. पहिल्या १०० चे १४०० रुपये, पुढच्या ४७ चे ७५२ रुपये, मिळून २१५२. नापास नगामागे कापडाचे नुकसान म्हणून २० रुपये, म्हणजे २१ नगांचे ४२०. हाती १७३२ रुपये. बाई पैसे मोजते, सही करते आणि घरी जाते.

हाच हिशेब पुन्हा मांडताना पहिला प्रश्न विचारायचा तो असा: हे २१ नग नापास का झाले? समजा एकेक शर्ट उलगडून पाहिला आणि असे निघाले. ९ शर्टांत कापडच खराब होते. कुठे विणीत भोक, कुठे ताग्याच्या कडेचा रंग वेगळा. ५ शर्टांत कापणी चुकली होती, दोन बाह्या एका मापाच्या नव्हत्या. उरलेल्या ७ शर्टांत शिलाईचा दोष होता. त्यातले ४ तिने उसवून पुन्हा शिवले आणि ते पास झाले. म्हणजे तिच्या हातून बिघडले आणि बिघडलेलेच राहिले असे शर्ट फक्त ३.

कापड तिने विणले नाही, कापणी तिने केली नाही. त्या १४ शर्टांवर तिने पूर्ण वेळ दिला, पूर्ण शिलाई केली, आणि तिच्या कामात खोट नव्हती. त्यांची मजुरी तिला मिळाली पाहिजे. पुन्हा शिवलेल्या ४ शर्टांना जास्त वेळ गेला तरी ती त्यांचे एकदाच पैसे घेते. ती झीज तिने सोसलीच. तेव्हा मजुरीला पात्र नग १६८ वजा ३, म्हणजे १६५. पहिल्या १०० चे १४००, पुढच्या ५० चे ८००, शेवटच्या १५ चे २७०. एकूण २४७० रुपये. केंद्रचालकाच्या आकड्यापेक्षा ७३८ रुपये जास्त.

हे ७३८ रुपये कुठे गेले होते ते नीट पाहा, कारण फसवणूक नेमकी कशी होते ते इथे कळते. त्यातले ४२० रुपये नुकसानीच्या नावाने कापले होते. म्हणजे एकाच नगासाठी तिला दोनदा शिक्षा झाली: आधी नगाची मजुरी गेली, मग त्याच नगापायी दंड बसला. उरलेले ३१८ रुपये टप्प्यांमध्ये गेले. नापास नग वजा होतात ते सर्वांत वरच्या टप्प्यातून. तिचे १८ नग विनाकारण वगळले, त्यातले १५ होते १८ रुपयांचे आणि ३ होते १६ रुपयांचे. तिची सर्वांत महागडी, सर्वांत दमून केलेली मेहनत आधी पुसली गेली. वगळलेला शर्ट तिने सोमवारी सकाळी शिवलेला असो की शनिवारी संध्याकाळी, हिशेबात तो नेहमी शेवटचाच धरला जातो.

टप्प्यांचा आणखी एक अर्थ करारात स्पष्ट लिहून घ्यावा लागतो. वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या नगांना लागतो, की तो टप्पा गाठला की आठवड्याच्या सगळ्याच नगांना? वरच्या उदाहरणात पहिला अर्थ घेतला आहे. दुसरा अर्थ घेतला तर १५० नगांना १६ च्या दराने २४०० रुपये होतात, आणि १५१ व्या नगाला सगळे नग १८ च्या दरावर जाऊन २७१८ रुपये होतात. एका नगाची किंमत ३१८ रुपये! अशा पद्धतीत टप्प्याच्या उंबरठ्यावर कोणी एक नग बाजूला ठेवला तर अख्ख्या आठवड्याचा मोबदला खाली येतो, आणि तपासणाऱ्याच्या हाती एवढी सत्ता देणे धोक्याचे आहे. पुष्कळ केंद्रांत हा अर्थ लिहिलेला नसतो. जेव्हा जो सोयीचा तेव्हा तो वापरला जातो.

टप्प्यांच्या दरात आणखी एक पेच आहे. वरचा टप्पा जितका मोठा, तितकी बाई शेवटचे दोन दिवस घाई करते. घाईत टाके सुटतात, शिवण वाकडी जाते. मग तीच घाई नापास नगांच्या रूपाने तिच्या मजुरीतून वसूल होते. ज्या दराने तिला पळायला लावले त्याच दराचा मालक तिला पळाल्याबद्दल दंड करतो. म्हणून आठवड्याच्या शेवटी शिलाईच्या दोषाचे नग वाढत असतील, तर बाईला बोल लावण्याआधी दराची रचना तपासावी.

नापास होण्याचे खरे कारण कसे ओळखायचे? याला फार हुशारी लागत नाही, नोंद लागते. एकाच दिवशी, एकाच ताग्यातून आलेल्या गठ्ठ्यांत चार-पाच बायांचे नापास नग एकदम वाढले, तर दोष कापडात किंवा कापणीत आहे. पाच जणींचे हात एकाच दिवशी बिघडत नाहीत. एकाच मशीनवर बसणाऱ्या वेगवेगळ्या बायांचे टाके सुटत असतील, तर सुई बोथट झाली आहे किंवा दोऱ्याचा ताण बिघडला आहे. एकाच बाईचे नग वेगवेगळ्या ताग्यांत, वेगवेगळ्या मशीनवर सारख्याच प्रकारे बिघडत असतील, तरच तिच्या हाताला शिकवणीची गरज आहे. आणि नापास नगांचा आकडा दर आठवड्याला १०, २०, ३० असा गोल येत असेल, किंवा तो नेमका टप्प्याच्या खाली आणणारा असेल, तर तो आकडा तपासणीतून आलेला नाही, वहीवर बसून ठरवलेला आहे.

कापणीचा दोष शिवणाऱ्या बाईच्या माथी कसा येतो याचे मोठे उदाहरण साऱ्या राज्याने पाहिले आहे. २०२४-२५ मध्ये शाळांच्या मुलांसाठी 'एक राज्य, एक गणवेश' योजना आली. कापड एका ठिकाणाहून कापून आले आणि शिलाईचे काम महिला बचत गटांकडे गेले. मापे चुकल्याच्या, कपडे अंगाला न बसल्याच्या तक्रारी गावोगावी आल्या, आणि पुढच्या वर्षी गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. सदरा मुलाला घट्ट झाला की पालक शिवणारीकडे बोट दाखवतात, कारण तीच समोर दिसते. माप ठरवणारा आणि कापणारा कुणाला दिसत नाही. मजुरीच्या हिशेबातही असेच होते. जो समोर उभा आहे त्याच्याकडून वसुली होते.

आता शेवटची पायरी, जी बहुतेक हिशेबांत घेतलीच जात नाही. नगावर कितीही मजुरी निघो, ती दिवसाच्या किमान वेतनापेक्षा कमी असता कामा नये. जिथे सरकारने वेळेवरचा किमान दर ठरवला आहे आणि नगाचा किमान दर ठरवलेला नाही, तिथे नगावर काम करणाऱ्यालाही वेळेवरचा किमान दर द्यावाच लागतो. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात हे होते आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. या किमान वेतनाचे विधेयक १९४६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले होते. विदर्भात त्यांचे नाव घेणाऱ्या प्रत्येक केंद्रचालकाने आणि प्रत्येक कामगाराने ही पायरी तरी गाळू नये.

उदाहरणापुरता दिवसाचा किमान दर ४५० रुपये धरू. खरा दर सरकारच्या चालू अधिसूचनेतून घ्यायचा. महाराष्ट्रात त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैपासून बदलतो, म्हणून गेल्या वर्षीचा कागद चालत नाही. सहा दिवसांचे २७०० रुपये होतात. आपला दुरुस्त हिशेब होता २४७०. म्हणजे आणखी २३० रुपये देणे लागते. केंद्रचालकाच्या १७३२ शी ताडून पाहिले तर बाईला ९६८ रुपये कमी मिळाले होते.

इथे एक गोष्ट उघडी पडते. बाईने दिवसाला सरासरी २८ शर्ट शिवले, पूर्ण वेळ बसून, जवळपास बिनचूक. तरीही नगाच्या दराने ती किमान वेतनापर्यंत पोहोचली नाही. ४५० ला २८ ने भागले तर नगामागे १६ रुपयांहून थोडे अधिक येतात. म्हणजे पहिल्या टप्प्याचा १४ चा दर मुळातच खाली ठेवला होता. वरच्या टप्प्याचे १८ रुपये हे बक्षीस वाटत होते, प्रत्यक्षात ते खालच्या टप्प्यात राखून ठेवलेल्या पैशांची अर्धवट परतफेड होती. नगाचा दर ठरवण्याची प्रामाणिक रीत एकच: साधारण सवयीची बाई साधारण दिवसात किती नग शिवते ते पाहायचे आणि किमान वेतनाला त्या संख्येने भागायचे. तो पहिला दर. टप्पे त्याच्या वर चढवायचे, त्याच्या खाली नाही.

मालकांची बाजू मी टाळत नाही. ते म्हणतात, आमचाही माल वरचा खरेदीदार परत पाठवतो. नापास नगाचे पैसे दिले तर कोणी काळजीने शिवणारच नाही. यातली पहिली अडचण खरी आहे. छोटा केंद्रचालक वरच्या व्यापाऱ्याकडून तसाच दाबला जातो. पण त्यावरचा उपाय हा की जो दोष ज्याचा, त्याच्याकडे तो पाठवावा. ताग्यात भोक असेल तर कापड देणाऱ्याला ताग्याचा क्रमांक लिहून परत करावा. कापणी चुकली असेल तर कापणाऱ्याच्या टेबलाला धरावे. हे कारण लिहिलेलेच नसेल तर केंद्रचालकालाही वर दाद मागता येत नाही, आणि मग तो खालच्या बाईकडून वसूल करतो. कारण लिहिणे हे त्याच्याही हिताचे आहे. दुसऱ्या अडचणीचे उत्तर कायद्यानेच दिले आहे. कामगाराच्या हलगर्जीने माल खराब झाला तर नुकसान कापता येते. पण दोष तिचाच आहे हे दिसले पाहिजे, तिला बोलण्याची संधी दिली पाहिजे, कपात खऱ्या नुकसानीपेक्षा जास्त नसली पाहिजे आणि ती नोंदवहीत आली पाहिजे. नापास शर्ट केंद्राने कमी किमतीत विकला असेल तर नुकसान म्हणजे फक्त किमतीतला फरक. अख्ख्या कापडाचे पैसे कापणे म्हणजे एकाच शर्टाची दोनदा विक्री.

हे नियम कोणाच्या उदारपणातून आलेले नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत खराब निघालेले कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापण्याची चाल होती. दंड आणि कपातीच्या अशा चालींबद्दल कामगारांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला, शाही मजूर आयोगाने त्यांची दखल घेतली, आणि १९३६ चा वेतन देण्याबाबतचा कायदा झाला. विणकराच्या गळ्यातून काढलेले ते कापड आज शिलाई केंद्रातल्या बाईच्या गळ्यात पडत असेल, तर नव्वद वर्षांचा झगडा आपण वाया घालवतो आहोत.

मग करायचे काय? एक साधी वही, दोन बाजूंनी भरलेली: एक बाईकडे, एक केंद्राकडे. कापलेला गठ्ठा घेतला त्या दिवशी तारीख, ताग्याचा किंवा गठ्ठ्याचा क्रमांक आणि नग लिहायचे. शिवून दिले त्या दिवशी दिलेले नग लिहायचे आणि तिच्यासमोर मोजून सही घ्यायची. तपासणी झाली की पास किती, दुरुस्तीला किती, नापास किती आणि प्रत्येक नापास नगापुढे कारण: कापड, कापणी, मशीन की शिलाई. या वहीचे दोन ताळे असतात. घेतलेले नग म्हणजे दिलेले अधिक हातात शिल्लक. दिलेले नग म्हणजे पास अधिक दुरुस्तीला अधिक नापास. दोन्ही जुळले तर वही खरी. यातले एकही जुळत नसेल तर पैसे मोजण्याआधी थांबायचे. तपासणी जितकी उशिरा, तितका वाद जास्त, म्हणून माल दिल्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी तपासला गेला पाहिजे. आठवड्याने आलेला नापास नग नक्की कोणाच्या हातचा, हे कोणीच सांगू शकत नाही.

ज्या बाईला लिहिता येत नाही तिची वही तिच्या मुलीने भरावी, गटाच्या सचिवाने भरावी, पण ती तिला वाचून दाखवावी. बचत गटात एक अडचण अशी येते की बाया कागदावर सभासद असतात, कामगार नसतात, आणि मालक कोण हेच ठरत नाही. तो कायद्याचा प्रश्न सुटेपर्यंतही वही ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. गटाच्या ताईला वरून किती नगांचे, कोणत्या दराने पैसे आले, हेही त्याच बैठकीत वाचले जावे. एरवी बाया ताईवर संशय घेतात, ताई वरच्याला घाबरते, आणि वरचा सुटतो.

जिथे मालक आहे तिथे कायदा बाईच्या बाजूने बऱ्यापैकी उभा आहे. वेतनाची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. कमी मिळाल्याची मागणी तीन वर्षांपर्यंत करता येते. आणि वेतन पूर्ण दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, मागणाऱ्यावर नाही. पण जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात नुसते "कमी दिले" असे सांगणारी बाई आणि "या आठवड्यात १६८ दिले, त्यातले १४ कापड-कापणीचे, टप्प्याने २४७० होतात, किमान दराने २७००, मिळाले १७३२" असे सांगणारी बाई, यांत फार अंतर आहे. पहिलीला समजूत घालून परत पाठवता येते. दुसरीला उत्तर द्यावे लागते.

कापूस वेचणारीला किलो, तेंदू आणणारीला पुडे, वीट पाडणाऱ्याला हजार: नग बदलला तरी प्रश्न तेच चार राहतात. मोजले कोणी आणि माझ्यासमोर मोजले का? बाद कशामुळे आणि कोणाच्या दोषाने? दराचा टप्पा कसा लावला? आणि दिवसाच्या किमान वेतनाला ते पोहोचते का? या चार उत्तरांवाचून पुढे केलेल्या रकमेवर सही करू नये, आणि आपल्या घरात, गटात, गावात कोणाला करू देऊ नये. छाट ज्याच्या चुकीची त्याच्याच माथी पडली, तर शिलाई करणारी बाई कुणाचे काही हिरावत नाही. आजवर तिच्याकडून जे नेले जात होते, ते फक्त थांबते.